कायमची दिवसपाळी मागताना अर्जात काय लिहावं, काय टाळावं

प्रश्न: वकील साहेब, मी जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात एक्स्ट्रूडरवर ऑपरेटर आहे, कायम कामगार. दर आठवड्याला पाळी बदलते. डॉक्टरांनी पाळ्यांमुळे झोपेचा विकार झाल्याचं निदान केलं आणि नाईट बंद करायला सांगितली. एचआर म्हणतात, 'नाईट सगळ्यांनाच असते, जमत नसेल तर राजीनामा द्या.' कायमची दिवसपाळी कायद्याने मिळते का?

उत्तर: थेट हक्क म्हणून नाही. खासगी कारखान्यात कोणाला कोणती पाळी द्यायची, हे स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्याच्या नोकरीविषयक लेखी नियमांच्या चौकटीत व्यवस्थापन ठरवतं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये कलम २० नुसार कामात योग्य ती सोय करून देण्याचं बंधन सरकारी आस्थापनांवर आहे, आणि त्या कायद्याच्या यादीत झोपेचा विकार नावाने नाही. त्या वाटेने जाऊन वेळ घालवू नका.

तुमचा जोर सुरक्षिततेवर हवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. कामाची जागा इजा होणार नाही अशी ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, तर धोका दिसला की तो कळवणं हे कामगाराचं कर्तव्य. कटरजवळ उभा असलेल्या ऑपरेटरला डुलकी लागते हे एकदा लेखी कळवलं, की उद्या अपघात झाल्यावर 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय कंपनीला राहत नाही. एचआरला हे बरोबर कळतं.

आता खरी मेख. अर्जात 'माझी तब्येत कायम बिघडलेली असते, मला काम झेपत नाही' असं बरेच जण लिहून देतात. दीर्घकाळ आजारपणाच्या कारणावरून कामावरून कमी केलं तर कायदा त्याला कामगार कपात धरत नाही, म्हणजे कपातीची नोटीस आणि भरपाई दोन्ही हातून जातात. तुमच्याच सहीचा कागद कंपनीच्या कामी येतो. म्हणून वाक्य असं हवं: 'मी माझ्या सध्याच्या पदाचं सर्व काम करण्यास सक्षम आहे. वैद्यकीय कारणास्तव फक्त रात्रपाळीतून सूट मिळावी.'

डॉक्टरांचं प्रमाणपत्रही याच भाषेत घ्या. 'विश्रांतीचा सल्ला' एवढ्याने भागत नाही. निदान काय, ते कशावरून केलं (किमान १४ दिवसांची झोपेची नोंद, रात्रभराची झोप तपासणी झाली असेल तर तिचा अहवाल), दिवसपाळीत काम करायला फिट आहे का, रात्रपाळी किती महिने टाळायची आणि फेरतपासणी कधी, हे सगळं त्यात असावं. 'कायमची' दिवसपाळी मागण्यापेक्षा सहा महिने आणि मग फेरतपासणी अशी मागणी मान्य करणं व्यवस्थापनाला सोपं जातं. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दिवसा झोप लागत नाही, हे खरं असलं तरी अर्जात नको. त्याने आजाराची मागणी सोयीची वाटू लागते.

अर्जात पर्यायही सुचवा: फक्त पहिली आणि दुसरी पाळी, किंवा नाईटच्या बदल्यात रविवारी काम करायची तयारी. रात्रपाळी भत्ता बंद होईल, तो सोडायची तयारी असेल तर तेवढंच लिहा. 'कोणत्याही पदावर, कोणत्याही पगारावर काम करीन' असं लिहून देऊ नका. मूळ पगार आणि पद कायम राहावं, हे स्पष्ट असू द्या.

अर्ज कारखाना व्यवस्थापकाच्या नावे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर तक्रार निवारण समितीकडे जा. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत ती असावीच लागते, निम्मे सदस्य कामगारांचे असतात आणि तिने ३० दिवसांत कामकाज पूर्ण करायचं असतं. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत युनियनमार्फत समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे कामगार आयुक्तांच्या जळगाव कार्यालयात अर्ज करता येतो. तिथे आदेश मिळेलच असं नाही, पण कंपनीला लेखी म्हणणं मांडावं लागतं आणि बहुतेक वेळा तोडगा याच टप्प्यावर निघतो.

तोपर्यंत नाईट परस्पर बुडवू नका, त्याला विनापरवाना गैरहजेरी म्हणतात. कामावर झोप लागली तर बहुतेक स्थायी आदेशांत ते गैरवर्तन असतं. चार्जशीटच्या आधीच्या तारखेचा शिक्क्याचा अर्ज हाताशी असला तर खुलाशाला वजन येतं. अगदीच अशक्य झालं आणि पगार २१,००० रुपयांपर्यंत असल्याने ईएसआय लागू असेल, तर ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र घेऊन रजा घ्या. पुरेसे अंशदानाचे दिवस भरले असतील तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारपण लाभ मिळतो आणि तो चालू असताना कामावरून काढता येत नाही. पण ही रजा मोजकीच वापरा. लांबली की दीर्घ आजारपणाचा तोच मुद्दा कंपनीच्या हाती लागतो.

राजीनाम्याचा छापील कागद पुढे केला तर सही करू नका. 'घरी विचारून सांगतो' म्हणा आणि त्याच दिवशी घडलेला प्रकार तारखेसह व्यवस्थापकाला लेखी कळवा.