पत्ता सगळीकडे बदलला, ज्याचं देणं होतं त्याला मात्र कळवलं नाही

प्रश्न : वकील साहेब, जूनमध्ये पोरांच्या शाळेसाठी आम्ही दारव्हा तालुक्यातलं गाव सोडून यवतमाळला भाड्याने राहायला आलो. वावर गावातच आहे, भाऊ पाहतो. पत्ता बदलायची यादी केली होती. आधार – झाले, बँक – सांगितले, मतदार यादी – झाले, गॅस – झाले, लाइट बिल – भावाकडे, मोटारसायकल – राहिले, मासिक – कळवले. आता पोलीस ठाण्यातून फोन आला म्हणून 8 डिसेंबरला जाऊन कोर्टाचा समन्स घेतला. कृषी केंद्राला दिलेला 62,000 रुपयांचा चेक ऑगस्टमध्ये परत गेला म्हणे. नोटीस मला मिळालीच नाही, लिफाफा ‘घर बंद’ म्हणून परत गेला. आधारवर तर नवा पत्ता आहे. मग केस टिकते का?

उत्तर : टिकते. आणि तुमच्या हातात 23 डिसेंबरपर्यंतचाच वेळ आहे, म्हणून आधी तेवढंच बोलतो.

गाव सोडून तालुक्याला किंवा जिल्ह्याला गेलेल्या कास्तकारांची अशी पत्रं मला सतत येतात. नोटीस मिळाली नाही म्हणजे केस उडाली, असं प्रत्येकालाच वाटतं. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, 1897 चं कलम 27 वेगळं सांगतं. बरोबर पत्ता लिहून, तिकीट लावून रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं पत्र, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, पोचलं असंच धरतात. ‘घर बंद’, ‘घेण्यास नकार’, ‘गावात नाही’ अशा शेऱ्यांनी परत आलेल्या लिफाफ्यालाही चेकच्या खटल्यांत कोर्टं हाच नियम लावत आली आहेत. दुकानदाराच्या बिलबुकात तुमचा गावचा पत्ता होता, त्याने त्यावर नोटीस पाठवली. त्याच्या बाजूने काम पुरं झालं.

तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून तारखा लावून पाहिल्या. बँकेचा चेक परतीचा मेमो 4 ऑगस्टचा. तिथून 30 दिवसांत नोटीस पाठवायची असते, ती 25 ऑगस्टला गेली. डाकसेवकाचा शेरा 2 सप्टेंबरचा. त्या दिवशी नोटीस मिळाली असं धरलं तर पैसे द्यायचे 15 दिवस 17 सप्टेंबरला संपले. त्यानंतर महिन्याभरात तक्रार दाखल व्हायला हवी, ती 10 ऑक्टोबरला झाली. मुदतीत कुठे फट दिसत नाही.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते. सर्वोच्च न्यायालयाने 2007 साली सी. सी. अलवी हाजी खटल्यात एक दार उघडं ठेवलं. ज्याला नोटीस खरोखर मिळाली नाही, त्याने तक्रारीच्या प्रतीसह समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत चेकची रक्कम भरावी आणि तक्रार फेटाळण्याची विनंती कोर्टाला करावी. जो या 15 दिवसांतही भरत नाही, त्याला नंतर ‘नोटीस नीट बजावली नव्हती’ हे म्हणता येत नाही. तुम्ही 8 डिसेंबरला समन्स घेतला. पंधरावा दिवस 23 डिसेंबर. कोर्टाची तारीख जानेवारीतली असली तरी त्या तारखेची वाट पाहू नका. तारीख आणि ही मुदत यांचा एकमेकांशी संबंध नाही आणि इथेच माणसं फसतात.

यवतमाळ किंवा दारव्ह्याच्या एखाद्या वकिलाला आजच गाठा. 62,000 रुपये दुकानदाराच्या खात्यात बँकेमार्फत भरून पावतीसह कोर्टात अर्ज देता येईल, किंवा रक्कम कोर्टातच जमा करायची परवानगी मागता येईल. नुसते रोख नेऊन दुकानात देऊ नका. तो पैसे घेईल आणि तक्रार मागे घ्यायला विसरेल, मग पुन्हा तारखा. समन्ससोबत तक्रारीची प्रत मिळाली नसेल तर तेही वकिलाला सांगा, मुदत मोजताना त्याचा उपयोग होऊ शकतो. पण त्या भरवशावर थांबू नका.

पैसे भरायचे नसतील, म्हणजे देणंच मान्य नसेल, तर गोष्ट वेगळी. चेक दिल्यानंतर मधल्या काळात काही रक्कम फेडली असेल आणि त्याचा पुरावा असेल, तरीही बचावाची दिशा बदलू शकते. तुमच्या पत्रात त्याबद्दल काही नाही, म्हणून मी त्यात शिरत नाही. एवढं मात्र पक्कं की निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खटला चालला तर कोर्ट रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईही द्यायला लावू शकतं. आणि आपल्याकडे असे खटले कसे रखडतात ते तुम्हाला माहीत असेल. साक्षीदार आला तर साहेब रजेवर, साहेब आले तर वकिलांचा संप. दोन-तीन खरीप निघून जातात आणि एखादी तारीख चुकली की वॉरंट निघतं. तेही गावच्याच पत्त्यावर.

आधारवरच्या पत्त्याबद्दल बोलतो, कारण त्यावर तुमचा फार भर आहे. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर आधार बदलल्याची तारीख 14 नोव्हेंबर आहे. नोटीस त्याच्या सुमारे अडीच महिने आधी येऊन गेली. जूनमध्येच बदललं असतं तरी फरक पडला नसता, कारण आधार बदलल्याचं कृषी केंद्राला कोणी कळवत नाही. तुम्ही तिथे राहत नव्हता एवढं दाखवून भागत नाही. नवा पत्ता नोटीस पाठवणाऱ्याला माहीत होता आणि तरी त्याने जुन्यावर पाठवली, हे दाखवता आलं तर बोलायला जागा मिळते. जुलैमध्ये दुकानात एक ओळ लिहून दिली असती आणि दुसऱ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का घेतला असता, तर आज मी वेगळं उत्तर लिहीत असतो. चेक परत गेल्याचा बँकेचा संदेशही तुमच्या मोबाइलवर आला असणार. तो न वाचता सोडला याचं मला खरंच वाईट वाटतं. त्या आठवड्यात पैसे दिले असते तर इथवर आलंच नसतं.

आता तुमच्या यादीकडे. बँक, गॅस, मासिक सगळं आहे, पण ज्यांचं देणं आहे त्यांची एकही ओळ नाही. कृषी केंद्र, पतसंस्था, सेवा सहकारी सोसायटी, ट्रॅक्टरचं कर्ज, आणि ज्याच्या कर्जाला तुम्ही जामीन राहिलात ती संस्था. कर्जाच्या करारात शेवटी बारीक अक्षरात बहुधा एक अट असते, की कर्जदाराने लेखी कळवलेल्या शेवटच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस त्याला मिळाली असं समजलं जाईल. यादीची सुरुवात याच लोकांपासून करायची.

दुसरी अडचण तुमच्या शेवटच्या रकान्याची आहे. ‘झाले’, ‘सांगितले’, ‘भावाकडे’ याला कोर्टात काही किंमत नाही. तारीख लागते आणि पोच लागते. तुमचीच यादी मी अशी भरली असती :

| कुठे | कसं कळवलं | पोच | सद्यस्थिती |
|---|---|---|---|
| सेवा सोसायटी | लेखी अर्ज, दोन प्रती | शिक्का व आवक क्रमांक | बाकी, या आठवड्यात |
| पतसंस्था (जामीन) | स्पीड पोस्ट | पोस्टाची पावती | पाठवायचं आहे |
| बँक | फक्त तोंडी | नाही | झालं नाही असंच धरा |
| आधार | ऑनलाइन | पावती, 14 नोव्हेंबर | पूर्ण |
| मोटारसायकल | – | – | मुदत उलटली |

बँकेत पत्ता बदलायला ओळखपत्रं तीच असतील तर स्वतःचं घोषणापत्र चालतं. बँक नंतर दोन महिन्यांत पत्र पाठवून किंवा अन्य मार्गाने पत्त्याची खात्री करते. काउंटरवर बोलून काही होत नाही. अर्ज द्या, पोच घ्या आणि पंधरा-वीस दिवसांनी पासबुक छापून पहिल्या पानावर कोणता पत्ता येतो ते पाहा. तिथे गावचंच नाव असेल तर पुढचं चेकबुक आणि एटीएम कार्डही गावालाच जाणार, आणि ते कोण उघडेल ते सांगता येत नाही.

मोटारसायकलचा पत्ता बदलल्यापासून 30 दिवसांत आरटीओला कळवायचा असतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 49. उशिराबद्दल थोडी रक्कम भरावी लागेल, पण ऑनलाइन अर्ज करून टाका. अपघाताच्या दाव्याचे कागद नोंदणीवरच्या पत्त्यावर जातात आणि एकतर्फी निकालाच्या कितीतरी प्रकरणांची सुरुवात तिथूनच होते. मतदार यादीसाठी नमुना 8 भरला असेल तर ठीक. जुन्या गावच्या यादीतून नाव निघाल्याची खात्री तेवढी करा. मासिकाचं काय ते तुम्ही पाहालच.

लाइट बिलात पत्ता बदलायचा प्रश्नच नसतो, कारण मीटर त्या घराचं असतं. भाऊ त्या घरात राहत असेल तर महावितरणकडे ग्राहकाचं नाव बदलून त्याच्या नावावर करा. घर रिकामं असेल तर वीजपुरवठा कायमचा बंद करण्याचा अर्ज द्या, शेवटचं रीडिंग घ्या आणि सुरक्षा ठेव परत मागा. यातलं काही केलं नाही तर थकबाकी तुमच्या नावावर वाढत राहील.

राहिलं वावर. सातबाऱ्यावर पत्ता नसतो म्हणून हे सगळेच विसरतात. पण कोणी फेरफाराचा अर्ज केला तर तलाठी कार्यालयातून हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला साधारण 15 दिवस मिळतात. ती नोटीस गावच्याच पत्त्यावर जाते. फेरफार मंजूर झाला की प्रांताधिकाऱ्यांकडे 60 दिवसांत अपील करावं लागतं. उशीर माफ होऊ शकतो, पण तो माफ करून घ्यायलाच वर्ष जातं. भावाबद्दल तुमच्या मनात शंका असेल असं मी म्हणत नाही. तरीही यवतमाळचा पत्ता आणि मोबाइल नंबर लिहून तलाठ्याकडे अर्ज द्या, प्रतीवर सही-तारीख घ्या. भूमी अभिलेखच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर गाव निवडलं की चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. महिन्यातून एकदा आपला गट क्रमांक तिथे पाहत जा. हे मात्र 23 डिसेंबरनंतर केलं तरी चालेल.