पुसलेलं चॅट आणि ट्रंकेतला फोन

प्रश्न: भावासोबतचं व्हॉट्सॲपवरचं सगळं चॅट डिलीट केलं. कंपनीच्या सर्व्हरवर त्याची कॉपी किती दिवस राहते? नंतर कोणी ती काढू शकतं का?

भावासोबतचं म्हणालात म्हणून लिहायला बसलो, नाहीतर असल्या प्रश्नांकडे मी वळत नाही.

आम्ही निपाणीजवळचे. 2019 मध्ये सामाईक शेतात बोअर मारायला दादाला मी दीड लाख हातउसने दिले. कागद केला नाही, भावाकडून कोण कागद घेतो? पण व्हॉट्सॲपवर त्यानं स्वतः लिहिलं होतं, "तंबाखूचे पैसे आले की तुझे दीड लाख देतो." पुढं वाटणीवरून बिनसलं आणि 2022 च्या फेब्रुवारीत एका रात्री रागानं मी ते अख्खं चॅट पुसून टाकलं. अकरा दिवसांनी दादा आईसमोर म्हणाला, ते पैसे तू घरासाठी दिलेलेस, उसने कधी म्हणालो मी? त्यानंही आपल्या फोनवरून पुसलं होतं.

आक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, बेळगावात असतात. ते म्हणाले, "कंपनीकडं सगळं असतंय. कोर्टाचं पत्र गेलं की गठ्ठा काढून देतात." दाजींचं बोलणं आमच्या घरात कुणी खोडत नाही. मी चिकोडीच्या वकिलाकडं गेलो, कंपनीला मेल केला, आणि तीन महिने या एका वाक्यापायी वाया घालवले.

कंपनीकडं ते नव्हतंच. मेसेज समोरच्याच्या फोनवर पोचला की व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवरून तो काढला जातो. समोरच्याचा फोन बंद असेल तर कुलूपबंद अवस्थेत जास्तीत जास्त 30 दिवस थांबतो, मग तोही जातो. म्हणजे 2019 चा, निळ्या खुणा पडलेला मेसेज 2022 मध्ये तिथं मागणं म्हणजे पोचलेलं पत्र पोस्टात शोधणं. चॅट तुम्ही कधी पुसलं याचा सर्व्हरशी संबंधच येत नाही. अपवाद म्हणाल तर "रिपोर्ट" दाबण्याचा. तेव्हा त्या माणसाकडून आलेले शेवटचे पाच मेसेज तुमच्याच हातून कंपनीकडं जातात. भांडणात लोक बटण दाबून मोकळे होतात आणि कॉपी कुणी दिली हे विसरतात.

मग कॉपी असते कुठं? बॅकअपमध्ये, आणि बॅकअप दोन ठिकाणी. एक फोनमध्येच. अँड्रॉइडवर रोज रात्री दोनच्या सुमारास फाईल तयार होते आणि साधारण गेल्या सात दिवसांच्या फाईली शिल्लक राहतात. फाईल मॅनेजरमध्ये हे बघा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
msgstore-2022-02-10.1.db.crypt14
```

नावातच तारीख असते, त्यामुळं चॅट पुसण्याच्या आधीची फाईल उरली आहे का ते लगेच कळतं. मी बघितलं तेव्हा अकरा दिवस झाले होते. सगळ्या फाईली पुसल्यानंतरच्या. चार दिवस आधी बघितलं असतं तर शेवटची एक तरी हाताला लागली असती, आणि याबद्दल मी आजही स्वतःला शिव्या घालतो.

दुसरी जागा गूगल ड्राइव्ह. तिथं तारखेवार फाईली नसतात. नवीन बॅकअप गेला की जुन्याची जागा घेतो. माझा रोजचा लावलेला, म्हणजे चॅट पुसलं त्याच रात्री ड्राइव्हवरही त्याविनाच बॅकअप गेला. तुम्हाला चॅट परत हवं असेल तर पहिलं काम बॅकअप बंद करण्याचं. नको असेल तर उलट करा: पुसल्यावर हातानं "Back up" दाबा, आणि फोनमधल्या त्या सात दिवसांच्या फाईलीही काढा.

तुमच्या "किती दिवस"चं खरं उत्तर ड्राइव्हमध्ये आहे, कारण ती दुसऱ्या कंपनीची जागा. गूगलच्या धोरणात लिहिलंय की खात्यातून पुसलेलं पूर्ण निघायला साधारण 2 महिने लागतात आणि त्यांच्या आपत्कालीन बॅकअपमध्ये ते 6 महिन्यांपर्यंत राहू शकतं. लोकांना यात कट दिसतो. मला वखार दिसते. तंबाखूचे बोद थप्पीला लागले की मधल्या बोदातलं एक पान काढायला कुणी थप्पी मोडत नाही. मुदत संपली की थप्पीच उचलली जाते. बॅकअपचंही तसंच आहे. त्यातून एकेक मेसेज वेचत नाहीत, तो सबंध बॅकअप जुना होऊन जातो आणि तोवर तुमचा मेसेज त्यात पडून असतो. तो तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही मागितला तरी मिळत नाही. बॅकअपला एंड-टू-एंड कुलूप लावण्याची सोय 2021 पासून आहे, पण ती आपण चालू करावी लागते. चालू असेल तर गूगलकडं पडून राहतो तो नुसता कचरा. पासवर्ड विसरलात तर तुमच्यासाठीही कचराच.

मला माझं चॅट शेवटी मिळालं ते आईच्या ट्रंकेत. 2021 च्या मार्चमध्ये फोनचा डिस्प्ले गेला म्हणून नवा घेतला होता, जुना तसाच फडक्यात गुंडाळून ठेवलेला. निपाणीतल्या मोबाईलवाल्या पोरानं डिस्प्ले बदलला आणि चालू करायच्या आधी म्हणाला, "सिम काढा, वायफाय घालू नका. नेट मिळालं की त्याला कळणार नंबर दुसऱ्या फोनवर गेलाय, मग बाहेर काढतंय." फ्लाइट मोडमध्ये उघडलं. नव्या फोनवर मी काय पुसलं याची त्या फोनला खबरच नव्हती. दादाचं वाक्य तारखेसकट तिथं होतं. एवढे वकील झाले, मेल झाले, आणि अक्कल होती त्या पोराला.

वकील म्हणाले कोर्टात नुसता स्क्रीनशॉट चालणार नाही, फोन जपून ठेवा, प्रमाणपत्र जोडावं लागेल, वर मराठी मेसेजांचं कानडीत भाषांतर. ते काही करावं लागलं नाही. मी तो फोन आईसमोर दादाच्या हातात दिला. त्यानं वाचला, चहा न पिता गेला, आणि पैसे तीन हप्त्यांत आले.

तर तुमच्या भावाच्या फोनवर काय आहे ते आधी बघा, जुना फोन कुणाकडं पडलाय ते बघा. सर्व्हर नंतर. चॅट पुसणं आणि खातं बंद करणं मात्र वेगळं. खातं डिलीट केलं तर व्हॉट्सॲप माहिती काढायला 90 दिवसांपर्यंत घेतं, आणि आपल्याकडच्या 2021 च्या आयटी नियमांप्रमाणं नोंदणीची माहिती 180 दिवस ठेवावीच लागते. ती म्हणजे नंबर वगैरे, बोलणं नव्हे. आयफोनवाल्यांचा बॅकअप आयक्लाउडवर जातो, तिथली गणितं वेगळी. एखाद्या दुकानाशी किंवा बँकेशी चॅट केलं असेल तर त्यांनी आपल्याकडं उतरवून घेतलेलं तुमच्या डिलीटनं जात नाही.

आणि दाजींच्या म्हणण्यातही एक चिमूट खरं आहे, हे मला उशिरा कळलं. पोलिसांनी रीतसर कळवलं तर कंपनी खात्याच्या नोंदी 90 दिवस जपून ठेवते, तोवर कायद्याचे कागद यायला हवेत. पण त्या नोंदी खात्याच्या. दादा काय म्हणाला होता, ते त्यांत नसतं, दाजी.