अकरा लाल खुणा

“मॅडम, तो दर वेळी काहीतरी वेगळंच सांगतो. मी उगाच संशय घेतेय की माणूसच खोटा आहे?”

गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मीच बोलून दाखवीन. इथे सांगतेय ती गोष्ट एका शिक्षिकेची, ओळख पटेल असे तपशील बदलून. समोरचा ऑनलाइन ओळखीतला, कधी न भेटलेला, स्वतःला रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीतला म्हणवणारा. सहा आठवड्यांच्या चॅटमधल्या अकरा विसंगती तिने तारखांसकट वहीत उतरवल्या होत्या, लाल पेनने. सवयच ती!

मी म्हटलं, “दोन रकाने करू. विसरण्यासारखं इकडे, न विसरण्यासारखं तिकडे.”

नोकरीला नऊ वर्षं झाली की दहा, बारावीला टक्के किती, गोव्याला कुठल्या महिन्यात गेलो, हे खरा माणूसही चुकतो. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते. उलट शब्दन् शब्द तसाच सांगणारा मला जास्त खटकतो. तो पाठांतर म्हणत असू शकतो. अकरातल्या दहा गोष्टी पहिल्या रकान्यात गेल्या.

उरली एक. ४ तारखेला ‘आई मी सातवीत असताना गेली’ आणि १९ला ‘आत्ताच आईशी बोललो, तिचे गुडघे दुखतायत’.

“सावत्र आई असेल,” ती पटकन म्हणाली. असेलही. म्हणून विचारायचं, पण स्क्रीनशॉट पाठवून नाही. भोक दाखवलं की तो ठिगळ लावतो. मी सुचवलं, सहज विचारा, लहानपणी तुमच्याकडे स्वयंपाक कोण करायचं? खरा माणूस अशा प्रश्नावर काकू, आजी, करपलेली भाकरी असं काहीबाही सांगत सुटतो.

उत्तर आलं, ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ मग दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी लांबलचक मेसेज, हिंदीत, ‘आप’ लावून. सहा आठवडे अगं-तुगं करणारा माणूस!

ती वही मिटत म्हणाली, “मॅडम, हा तो नाहीच.”

हे तिचं तिलाच दिसलं, याचं मला समाधान आहे. फसवणुकीची प्रोफाइल कित्येकदा एकाहून जास्त जण चालवतात. एकाने मारलेली आई दुसऱ्याला ठाऊक नसते. मात्र विसंगती सापडली नाही म्हणून माणूस खरा ठरत नाही. आणि न भेटलेल्याने पैसे मागितले, तर तपासत बसायचंच नाही, द्यायचे नाहीत.

तिने ‘कस्टममध्ये अडकलेल्या पार्सल’साठी अठरा हजार पाठवले होते, हे त्यानंतर कळलं. लाजेने लपवलं होतं. माझ्यासमोरच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० नंबर लावला, बँकेलाही कळवलं. रागाने ती चॅट पुसायला निघाली होती. तेवढा हात मी धरला. आधी सगळं एक्स्पोर्ट केलं, त्याचा नंबर आणि पैसे गेलेलं खातं वहीत लिहिलं, मग ब्लॉक.