मेसेज पाहिला, मग उत्तर का नाही?

प्रश्न : मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर मेसेज केला होता. ब्लू टिक आली, म्हणजे तुम्ही पाहिलात. तरी रिप्लाय का दिला नाही?

पाहिला होता, हे खरं. राग आला असेल तर तोही समजू शकतो. उत्तर द्यायचं नव्हतं असं मात्र अजिबात नाही. वेळच्या वेळी रिप्लाय गेला नाही, ती चूक माझीच. पण ती कशी होते हे सांगतो, कारण ब्लू टिकमधून लोक बरेचदा जास्तीचा अर्थ काढतात.

टिक निळी होते ती चॅट उघडल्यावर. उघडणाऱ्याने मजकूर पूर्ण वाचला की नाही, हे ॲपला कळत नाही. कामाच्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब सुरू असेल आणि तुमचीच चॅट स्क्रीनवर समोर असेल, तर मेसेज येताक्षणी टिका निळ्या होतात, मग माणूस त्या वेळी फोनवर बोलत असला तरी. अँड्रॉइडवर नोटिफिकेशनखालचं Mark as read दाबलं तरी तेच होतं. उलट, नोटिफिकेशनमध्येच सगळा मेसेज वाचून काढला तर टिका करड्याच राहतात. म्हणजे निळी टिक असून न वाचलेला आणि करडी टिक असून वाचलेला, दोन्ही शक्य आहे.

तुम्हाला हे थोडंफार तपासता येतं. आपल्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि Info उघडा (आयफोनवर तोच मेसेज डावीकडे सरकवा). तिथे Delivered आणि Read अशा दोन वेळा दिसतील. समजा, दोन्हीपुढे 11:42 आहे. मग चॅट बहुधा आधीच उघडी होती, किंवा हातात फोन असताना पटकन उघडली गेली. Delivered 11:42 आणि Read रात्री 10:15 असेल, तर माणसाने नंतर स्वतःहून चॅट उघडली. या दुसऱ्या बाबतीत थोडी वाट पाहून आठवण करणं अगदी रास्त आहे. ही खूण अंदाजापुरतीच धरा, पुरावा म्हणून नको.

आता खरी गोची. चॅट एकदा उघडली की हिरवा आकडा जातो, नोटिफिकेशनही जातं. पाच-दहा नवे मेसेज आले की तुमची चॅट यादीत खाली सरकते आणि ‘संध्याकाळी निवांत लिहू’ म्हणून ठेवलेलं उत्तर तिच्याबरोबर खाली जातं. त्यावर माझ्याकडून करण्यासारखा उपाय असा : चॅट बंद करताना यादीत तिच्यावर बोट दाबून Mark as unread करायचं. हिरवा ठिपका परत येतो. तुमच्याकडची टिक मात्र निळीच राहते, ती मागे फिरत नाही.

दुसरं कारण मेसेजच्या घडणीत असतं. ‘नमस्कार सर’, मग ‘एक विचारायचं होतं’, मग अकरा पानांची पीडीएफ, मग ‘बघून सांगा प्लीज’. यादीत फक्त शेवटचा मेसेज दिसतो, म्हणजे ‘बघून सांगा प्लीज’. काय बघायचं, कधीपर्यंत, काहीच कळत नाही. पीडीएफ उघडून प्रश्न आपणच शोधायचा म्हटलं की अर्धा तास लागणार, म्हणून काम पुढे ढकललं जातं. त्याऐवजी सगळं एकाच मेसेजमध्ये असं लिहा :

‘नमस्कार. भाडेकराराच्या मसुद्यात पान 4, कलम 9 मध्ये घर सोडताना रंगकामाचा खर्च डिपॉझिटमधून कापणार असं आहे, रक्कम दिलेली नाही. सही करण्याआधी रक्कम लिहून घ्यावी का? सही शनिवारी सकाळी आहे.’

सोबत फक्त पान 4 चा फोटो. याला उभ्या उभ्या ‘हो, लिहून घ्या’ एवढं उत्तर देता येतं, आणि शनिवार दिसतो म्हणून ते आजच द्यावंसंही वाटतं.

आठवण करताना नुसतं ‘??’ पाठवू नका. चॅट वर येते खरी, पण यादीत दिसतं ते ‘??’ एवढंच. जुना प्रश्न उजवीकडे सरकवा म्हणजे तो कोट होईल, आणि खाली लिहा, ‘याचं उत्तर शुक्रवारपर्यंत मिळालं तर बरं.’ चॅट उघडणाऱ्याला मग वर शोधत जावं लागत नाही. घाई असेल तर सरळ फोन करा.

काहींनी Settings मध्ये Privacy खाली Read receipts बंद केलेलं असतं. त्यांच्याकडून एकास-एक चॅटमध्ये ब्लू टिक येतच नाही, त्यामुळे करडी टिक पाहून ‘अजून पाहिलंच नाही’ असंही धरू नका.

तुमचा प्रश्न वरच्यासारखा एका मेसेजमध्ये पुन्हा पाठवा, कधीपर्यंत हवं तेही लिहा. त्याच दिवशी उत्तर देतो.