दोन्ही आकडे बरोबरीचे असतील तर टक्केवारीतला फरक कशाला भागून काढायचा?

«एकाच विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या तपासायला दिल्या. नायट्रेट एकीत लिटरला ४० मिलिग्रॅम आलं, दुसरीत ४८. मी म्हणतो फरक २०%, मित्र म्हणतो १६.७%. बरोबर कोणाचं?»

दोघांचा हिशोब बरोबर आहे, पण इथे दोन्ही लागू होत नाहीत. तुम्ही ८ ला ४० ने भागलंत, मित्राने ४८ ने. ४० हा मूळ आकडा आणि ४८ हा बदललेला, असं काही इथे घडलेलंच नाही. दोन्ही बाटल्या एकाच वेळी एकाच विहिरीतून भरल्या. मग भागायचं ते दोघांच्या सरासरीने, म्हणजे ४४ ने. फरक येतो १८.२%. बाटल्यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच राहतं.

मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. आमच्याकडे अशा जोडनमुन्यांसाठी २०% ची मर्यादा आहे; त्याहून जास्त फरक आला की तपासणी पुन्हा करायची. एकदा क्लोराइडचे आकडे २०० आणि २४२ आले. नवीन आलेल्या मुलाने रजिस्टरात आधी लिहिलेल्या २०० ने भागून २१% काढले आणि नमुना नापास केला. तोच २४२ आधी लिहिला असता तर १७.४% येऊन पास झाला असता. लिहिण्याच्या क्रमावर निकाल ठरणं मला मुळीच चालत नाही. सरासरीने तो फरक १९% येतो, म्हणजे पास. तरी मी त्याला तपासणी पुन्हा करायला लावली, कारण काठावरचा आकडा होता आणि ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडताना वीटकरी रंग आल्यावरही त्याचे काही थेंब जास्त पडत होते.

एक्सेलमध्ये असं लिहा:

```
=100*ABS(A2-B2)/AVERAGE(A2:B2)
```

आता या आकड्याचा अर्थ लावताना लोक कुठे चुकतात ते सांगतो. १०० टक्के फरक म्हणजे दुप्पट, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. इथे तसं नाही. १० आणि २० मधला फरक ६६.७% येतो. १०० टक्के येतात ते १० आणि ३० ला, म्हणजे तिप्पट असताना. आणि कितीही मोठी तफावत असली तरी उत्तर २०० च्या वर जात नाही. एक आकडा शून्य असेल तर दुसरा ०.१ असो की १००, उत्तर २००% च. म्हणून अहवालात नुसतं «फरक १८.२%» न लिहिता «सरासरीच्या १८.२%» लिहा.

हे फरक एकमेकांत मिळवताही येत नाहीत. ४०, ६० आणि ९० घ्या. ४० आणि ६० मध्ये ४०%, ६० आणि ९० मध्येही ४०%, पण ४० आणि ९० मध्ये ८० नाही, ७६.९%. बेरीज जुळायलाच हवी असेल तर नैसर्गिक लॉगरिदम वापरा:

```
=100*ABS(LN(A2/B2))
```

यात पहिल्या दोन जोड्यांना ४०.५ आणि टोकाच्या जोडीला ८१.१ येतात, म्हणजे बरोबर दुप्पट. तुमच्या ४० आणि ४८ ला दोन्ही रीतींनी १८.२ च येतं. फरक लहान असला की त्या जवळजवळ एकच असतात. शून्य असेल तिथे मात्र लॉग चालतच नाही.

अगदी कमी प्रमाण असेल तर टक्केवारीच बाजूला ठेवा. ०.१ आणि ०.२ मध्ये ६६.७% दिसतात, पण ती कदाचित यंत्राची नेहमीची थरथर असेल. पद्धतीला खात्रीने सांगता येणारं किमान प्रमाण जेवढं असेल, त्याच्या पाचपटीहून खाली आकडा असला की आम्ही साधी वजाबाकी पाहतो आणि ती त्या किमान प्रमाणापेक्षा जास्त नाही ना, एवढंच तपासतो.

उलट, एक आकडा खरोखरच आधार असेल, समजा माहीत असलेल्या तीव्रतेचं द्रावण तपासलं, तर त्यानेच भागा. तिथे सरासरी घेतली तर चूक कमी-जास्त दिसेल.

तुमच्या विहिरीबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा ४५ आहे. तुमची एक बाटली तिच्या खाली, दुसरी वर. १८.२% म्हणजे दोन आकडे एकमेकांना किती धरून आहेत एवढंच. खरा कोणता ते त्यातून कळत नाही. सरासरी ४४ आली म्हणून पाणी चांगलं असं धरू नका, विशेषतः घरात तान्हं बाळ असेल तर. आणि पाणी उकळून उपयोग नाही, नायट्रेट उकळल्याने जात नाही. दोन बाटल्या पुन्हा एकाच वेळी भरा, दोन्ही बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. गेल्या वेळी एक बाटली उन्हात राहिली होती का, तेही आठवून पाहा. उबेत जंतू नायट्रेटचं प्रमाण बदलतात.