पत्रात जून 2019 लिहा, आणि 15जी आजपासून बंद

प्रश्न : आम्ही नवरा-बायको जून 2019 पासून दुबईत नोकरीला आहोत. सांगलीतल्या बँकेत माझं बचत खातं आहे, जोडीला वडिलांचं नाव आहे, दोघांपैकी कोणीही चालवू शकतो. पगारातून उरेल ते याच खात्यात पाठवतो. दोन बँकांत मिळून 60 लाखांच्या एफडी झाल्या आहेत, सगळ्या माझ्या नावावर. आता बँक म्हणते, खातं एनआरआय करून घ्या. पत्रात 'नुकतेच परदेशात स्थायिक झालो' असं लिहिलं तर मागचं काही निघणार नाही ना? खातं बदललं की 30 टक्के टीडीएस कापतात म्हणे. सध्या काही कापलं जात नाही, कारण मी सुट्टीत आलो की 15जीच्या फॉर्मवर सह्या करून ठेवतो आणि बाबा दर एप्रिलला ते बँकेत देतात. भारतात पगार नाही, म्हणून रिटर्न भरत नाही. एफडी संपेपर्यंत थांबावं, की सरळ एनआरई करून व्याज करमुक्त करून घ्यावं? बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने दोन वर्षांपूर्वी एक गॅरंटीड पॉलिसीही दिली आहे : वर्षाला 3 लाख, 10 वर्षं भरायचे, 20 वर्षांनी 56 लाख. ती तशीच चालू ठेवायची ना?

उत्तर : 'नुकतेच' हा शब्द खोडा. त्याच पत्राला तुम्ही पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स जोडणार आहात. काउंटरवरची मुलगी पान उलटेल आणि तिला जून 2019 चा शिक्का दिसेल. उशीर झाला ही चूक आहे, पण ती कबूल करून मिटते. खोटी तारीख लिहून दिलीत की ती तुमच्या सहीची दुसरी चूक होते आणि बँकेच्या फाइलमध्ये कायमची राहते.

नोकरीसाठी देश सोडला त्या दिवसापासून फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याने तुम्ही अनिवासी झालात. 182 दिवस मोजत बसायचे ते आयकरासाठी, आणि त्या हिशेबानेही 2019-20 पासून तुम्ही अनिवासीच आहात, कारण त्या वर्षी भारतात जेमतेम दोन-अडीच महिने होतात. म्हणजे सहा वर्षं तुम्ही एक असं खातं चालवलंत जे तुमच्या नावावर असायलाच नको होतं. फेमात यासाठी रकमेच्या तिप्पट दंडापर्यंतची तरतूद आहे. माझ्याकडे आलेल्या अशा पगारदार कुटुंबांच्या बाबतीत स्वतःहून अर्ज दिल्यावर बँकेने खातं एनआरओ, म्हणजे अनिवासीचं भारतातल्या पैशासाठीचं खातं, करून विषय तिथेच संपवला. म्हणून एफडी संपेपर्यंत थांबू नका. एफडी मोडावी लागत नाही. ती त्याच व्याजदराने, त्याच मुदतीपर्यंत एनआरओ एफडी म्हणून चालू राहते.

पण मला झोप लागू देणार नाही अशी गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. 15जी.

हा फॉर्म पुन्हा एकदा वाचा. त्यात तुम्ही सही करून सांगता की मी भारताचा निवासी आहे, आणि माझ्या या वर्षीच्या उत्पन्नावर कर शून्य आहे. अनिवासी माणसाला 15जी देताच येत नाही, रक्कम कितीही लहान असो. शिवाय तुमचं एकूण व्याज करमुक्त मर्यादेच्या वर गेलं, तर निवासी असतात तरीही तो चालला नसता. दोन बँकांत पैसे विभागल्यामुळे प्रत्येक बँकेला आपल्यापुरतंच व्याज दिसलं आणि दोघींनी फॉर्म ठेवून घेतला. आयकर खात्याला मात्र बेरीज दिसते. आयकराच्या पोर्टलवर जाऊन तुमचं एआयएस, म्हणजे वार्षिक माहितीचं विवरण, उघडा : दोन्ही बँकांचं व्याज एकाखाली एक लिहिलेलं असेल आणि टीडीएसच्या रकान्यात शून्य. जाणूनबुजून खोटं प्रतिज्ञापत्र देण्याला आयकर कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. तुम्ही जाणूनबुजून केलं नाहीत हे मला कळतं. पण यापुढे दिलात तर 'माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही. सह्या करून ठेवलेले उरलेले फॉर्म वडिलांना फाडून टाकायला सांगा, आजच.

आणि हे सगळं किती कर वाचवायला? अंदाजे मांडून पाहू. 60 लाखांवर 7 टक्क्यांनी वर्षाचं व्याज 4 लाख 20 हजार. 2024-25 मध्ये नव्या करपद्धतीत पहिले 3 लाख करमुक्त होते, उरलेल्या 1 लाख 20 हजारांवर 5 टक्के, म्हणजे उपकर धरून सव्वासहा हजार. आदल्या वर्षी एफडी थोडी कमी होती, व्याज 3 लाख 60 हजार धरलं तर कर 3 हजारांच्या आसपास. त्याआधी 2022-23 मध्ये व्याज 3 लाख आणि जुनी अडीच लाखांची मर्यादा धरली, तर अडीच हजारांच्या आसपास. तीन वर्षांचे मिळून 12 हजार रुपये. 12 हजारांसाठी तुम्ही दर एप्रिलला खोटी सही दिलीत आणि म्हाताऱ्या बापाला ती घेऊन रांगेत उभं केलंत.

या तीन वर्षांची रिटर्न आता अद्ययावत रिटर्न म्हणून भरता येतात. मूल्यांकन वर्ष संपल्यापासून 48 महिन्यांपर्यंत ती मुभा आहे, आणि जितका उशीर तितका वाढीव कर : कर आणि व्याजाच्या 25 टक्क्यांपासून 70 टक्क्यांपर्यंत. व्याज, विलंब शुल्क, वाढीव कर सगळं धरून तुमचा आकडा 20 ते 25 हजारांच्या दरम्यान जाईल. भरताना 'अनिवासी' निवडा. निवासी म्हणून भरलंत तर 87अ ची सवलत लागून कर शून्य दिसेल आणि मोह होईल. ती सवलत अनिवासींना नाही.

आता 30 टक्क्यांची भीती. एनआरओच्या व्याजावर 31.2 टक्के कापले जातात हे खरं, पण ती कपात आहे, कर नव्हे. 4 लाख 20 हजारांवर 1 लाख 31 हजार कापले जातील. 2025-26 साठी करमुक्त मर्यादा 4 लाख आहे, त्यामुळे प्रत्यक्ष कर हजार रुपयांच्या आसपास. रिटर्न भरा, 1 लाख 30 हजार परत मिळतील. वर्षभर पैसे अडकवायचे नसतील तर दुबईतून कर-निवासी प्रमाणपत्र घ्या, पोर्टलवर 10एफ भरा आणि दोन्ही बँकेत द्या. भारत-यूएई करारानुसार मग कपात साडेबारा टक्क्यांवर येते.

यात तुमच्या हातून खरी निसटलेली गोष्ट वेगळीच आहे. दुबईचा पगार पहिल्या महिन्यापासून एनआरई खात्यात गेला असता, तर त्या व्याजावर भारतात एक रुपया कर नव्हता, रिटर्नची कटकट नव्हती, आणि हवं तेव्हा पैसे परत दुबईला नेता आले असते. निवासी खात्यात आल्यावर तोच पैसा स्थानिक पैसा झाला. म्हणूनच 'सरळ एनआरई करून घ्या' होत नाही. निवासी खातं फक्त एनआरओ होऊ शकतं. एनआरई नवीन उघडावं लागतं आणि त्यात परदेशातून आलेला पैसाच भरायचा असतो.

मात्र जुना पैसा कायमचा अडकलेला नाही. एनआरओमधून एनआरईमध्ये वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत हलवता येतात. त्यासाठी 15सीए हा तुमचा फॉर्म आणि सीएचं 15सीबी प्रमाणपत्र लागतं. सीए सही करण्याआधी विचारणार की या पैशावरचा कर भरला का. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. एनआरई खातं या महिन्यातच उघडा आणि पुढचा पगार तिकडेच पाठवा. त्याच वेळी जुन्या खात्याचं पत्र द्या. मग रिटर्न भरा. नंतर एकेक एफडी मुदत संपेल तशी सीएच्या प्रमाणपत्राने एनआरईत न्या. मुदतीआधी मोडून दंड भरण्यात काही अर्थ नाही.

पत्र असं असू द्या :

'मी जून 2019 पासून नोकरीनिमित्त दुबई येथे राहत असून तेव्हापासून अनिवासी आहे. ही माहिती कळवण्यास उशीर झाला. माझे बचत खाते आणि सोबतच्या यादीतील सर्व मुदत ठेवी एनआरओमध्ये बदलाव्यात. यापूर्वी दिलेले 15जी यापुढे ग्राह्य धरू नयेत. वडिलांचे नाव पहिला किंवा हयात या पद्धतीने ठेवावे. दुबईचा पत्ता, फोन आणि कर-निवासाचे घोषणापत्र सोबत जोडले आहे.'

अर्जावर पोच घ्या, आणि दुसऱ्या बँकेलाही हेच पत्र द्या. बायकोचं भारतात खातं असेल तर तिच्या सहीने वेगळं.

'पहिला किंवा हयात' याचा घरात नीट अर्थ सांगा, नाहीतर वडील पुढच्या महिन्यात चेक घेऊन जातील आणि परत येतील. निवासी नातेवाईक एनआरओ खात्यात जोडीदार राहू शकतो, पण तुम्ही हयात असेपर्यंत ते खातं त्याला चालवता येत नाही. घराचा वीज भरणा, सोसायटी, औषधं यांसाठी वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र द्या. त्यावर ते स्थानिक खर्च करू शकतील. बहुतेकांना सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो, आणि बँक ती आधी सांगत नाही.

राहिली पॉलिसी. 30 लाख भरून 20 वर्षांनी 56 लाख म्हणजे वर्षाला 4 टक्के. हातात येणारा आकडा मोठा दाखवायचा आणि वर्षं बोलायचीच नाहीत, ही विकण्याची जुनी रीत आहे. तुमच्या एनआरई एफडीला यापेक्षा जास्त मिळालं असतं, तेही करमुक्त. तो मॅनेजर तुमच्याशी दुबईच्या नंबरवर बोलत होता. मग प्रस्ताव अर्जात त्याने तुमचा दर्जा काय लिहिला? कागद काढून पाहा. 'निवासी' लिहिलं असेल, आणि मला तीच शंका आहे, तर विमा कंपनीला लेखी कळवून दुरुस्ती करून घ्या. पॉलिसीला तीन वर्षं झालेली नसताना दावा आला, तर चुकीच्या माहितीवर तो अडवता येतो, आणि तेव्हा उत्तर द्यायला तुमची बायको असेल, मॅनेजर नव्हे. त्याच मेलमध्ये आजचं सरेंडर मूल्य आणि पेड-अप केल्यास, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवल्यास, 20 व्या वर्षी किती मिळेल, हे दोन आकडे मागा. ते हातात येईपर्यंत तिसरा हप्ता भरू नका. आकडे आले की मला पाठवा, पुढचं तेव्हा बोलू.