सकाळची यादी: 'बाकी' नक्की कशाला म्हणायचं?

प्रश्न: फोनवरच्या यादीत ४६ कामं साठली आहेत. रोज सकाळी ती वाचण्यातच अर्धा तास जातो, आणि शेवटी खरंच बाकी काय आहे ते कळतच नाही. झटपट कसं तपासायचं?

उत्तर:

या ४६ मधल्या बऱ्याचशा ओळी बाकी नाहीत, असं धरूनच सुरुवात करा. इतक्या लांबलेल्या यादीत चार तऱ्हेच्या गोष्टी एकाच रांगेत उभ्या असतात. काही होऊन गेलेली पण खोडायची राहिलेली, काही दुसऱ्या कुणाकडे अडकलेली, काहींची वेळच आलेली नसते, आणि उरतात ती तुमच्या हातातली. बाकी म्हणायचं ते फक्त या शेवटच्या कामांना. अर्धा तास जातो तो वाचण्यात नाही. प्रत्येक ओळीपाशी थांबून 'याचं काय झालं होतं बरं?' हे रोज नव्याने आठवण्यात जातो. म्हणून एकदा आठवलेलं त्याच ओळीत लिहून ठेवायचं. एवढं केलं की पहिल्या दिवशी वेळ लागेल, पण चार-पाच दिवसांत सगळं दहा मिनिटांत आटपेल.

आधी फक्त खोडाखोड करा. झालेलं काम आठवणीवर विसंबून खोडू नका, पुरावा बघून खोडा: बँकेचा मेसेज, पावती, पाठवलेला मेल. यात नेहमी फसवणारी गोष्ट म्हणजे यूपीआयने भरलेलं बिल. पैसे खात्यातून गेलेले असतात, पण व्यवहार 'पेंडिंग' किंवा 'प्रोसेसिंग' दाखवत असतो. असं बिल खोडायचं नाही आणि घाईने दुसऱ्यांदा भरायचंही नाही. एकतर ते पूर्ण होतं, नाहीतर पैसे परत येतात. तोवर त्या ओळीपुढे 'स्टेटस बघणे, उद्या' एवढंच लिहा.

मग उरलेल्या ओळी खालून वर वाचा. वरच्या जुन्या ओळी रोज बघून नजरेला इतक्या सवयीच्या होतात की डोळे त्यांच्यावरून नुसते घसरतात. उलट वाचलं की त्या पुन्हा दिसायला लागतात. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: आज मी एकट्याने हात लावला तर हे काम पुढे सरकेल का? 'हो' असेल तर ते बाकी. 'नाही' असेल तर का नाही, ते तिथेच लिहायचं.

एक नमुना घेऊ. आज मंगळवार, १० जून, आणि यादीत अशा ओळी आहेत: सातबारा वारस नोंद, बँक केवायसी, पीयूसी, आईचा चष्मा, बाथरूमचा नळ, जुन्या फोटोंचा अल्बम.

वारस नोंदीची ओळ रोज छातीत धडकी भरवते, पण अर्ज दिलेला आहे, तलाठ्यांनी फेरफार धरलाय आणि २ जूनला नोटीस निघाली आहे. हरकतीसाठी १५ दिवस द्यावे लागतात, त्याआधी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करत नाहीत. म्हणजे आज चावडीवर हेलपाटा मारून काहीही सरकणार नाही. ओळ अशी बदला: 'थांबलंय – तलाठी ऑफिस – नोटीस २ जून – विचारायचं १८ जून'. थांबलेल्या प्रत्येक कामाला हे तीन तपशील हवेतच: कुणाकडे, कधीपासून, पुन्हा कधी विचारायचं. तिसरा तपशील राहिला की काम दोन्हीकडून विसरलं जातं, कारण समोरच्याला वाटतं तुम्हाला घाई नाही आणि तुम्हाला वाटतं ते करतायत. आईचा चष्माही याच रांगेतला. दुकानदाराने गुरुवार सांगितलाय, तर '१२ जूनला फोन' लिहून पुढे जा.

बँकेने केवायसीचे कागद १५ जूनपर्यंत मागितलेत. तारीख पाच दिवस लांब दिसते, पण १५ ला रविवार आहे आणि १४ ला महिन्यातला दुसरा शनिवार, त्या दिवशी बँका बंद. म्हणजे खरी शेवटची तारीख शुक्रवार, १३ जून. मुदतीची तारीख लिहिताना ऑफिस उघडं असलेला शेवटचा दिवसच लिहावा. शिवाय 'बँक केवायसी' हे आज करण्याजोगं काम नाही. आजचं काम आहे आधार आणि पॅनच्या झेरॉक्स काढून, सही करून पिशवीत ठेवणं. ते बाकी.

पीयूसी २८ तारखेला संपते. 'पीयूसी – २१ जूनपासून' लिहा, आणि तोवर ती ओळ नजरेसमोरून हलवा. ॲपमध्ये ती २१ तारखेवर टाका, वहीत असेल तर महिन्याच्या पानावर.

'बाथरूमचा नळ' ही ओळ कामाचं नाव सांगते, करायचं काय ते सांगत नाही. अशा ओळी आठवडेच्या आठवडे पडून राहतात आणि त्याचा दोष आळसाला दिला जातो. 'प्लंबरला फोन' लिहिलं की आजच होईल. तो 'शनिवारी येतो' म्हणाला की ओळ थांबलेल्यांत जाते.

अल्बमला बाहेरची कुठलीच मुदत नाही. त्याला 'कधीतरी' नावाच्या वेगळ्या पानावर न्या. सलग पाच सकाळी एखादी ओळ जशीच्या तशी पुढे ढकलली गेली असेल, तर एकतर पहिली पायरी फार मोठी लिहिली आहे किंवा ते काम तुम्हाला नकोच आहे. पायरी लहान करा, नाहीतर खोडा.

म्हणजे सहा ओळींतून आजच्या दोनच निघाल्या: झेरॉक्स आणि प्लंबर. अशी सगळी यादी चाळून झाली की बाकीमधून आजसाठी तीन ते पाच निवडा. त्याहून जास्त निवडलीत तर उरलेली उद्या पुन्हा वाचावी लागणार.

दोन ठिकाणी हे हमखास बिघडतं. पहिलं म्हणजे खोट्या तारखा. 'उद्या करू' म्हणून प्रत्येक कामाला तारीख चिकटवली की आठवड्याभरात यादी लालेलाल होते, आणि त्या लालीत खऱ्या मुदतीची केवायसी दिसेनाशी होते. दंड बसणार असेल, मुदत संपणार असेल किंवा कुणी वाट बघणार असेल, तरच तारीख घाला. बाकीच्या ओळी बिनतारखेच्या राहू द्या. दुसरं म्हणजे तपासता तपासता कामं करत सुटणं. प्लंबरला लगेच फोन लावावासा वाटतो, त्याने उचलला नाही की व्हॉट्सॲप उघडतं, आणि यादी सतराव्या ओळीवर तशीच राहते. फोन दोन मिनिटांचा असला तरी आधी यादी संपवा.

चार-आठ दिवस खंड पडला तर पूर्ण तपासणीच्या मागे लागू नका. त्या सकाळी फक्त खोडाखोड आणि 'थांबलंय' ओळींवर उलटून गेलेल्या तारखा एवढंच बघा. त्यातले फोन करून टाका, उरलेली यादी दुसऱ्या दिवशी खालून वर वाचा.